श्रीपादकाकांचं निरंक

श्रीपादकाकांवर मी एकदा लिहिलेलं आहे. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत पान एकेचाळीसवर, वर त्यांचा बंद गळ्याच्या कोटातला फोटो. ते लिखाण खोटं होतं. आता पुन्हा लिहायला बसले आहे, आणि या वेळी कुणाची परवानगी घेतलेली नाही. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. खोटं लिहिलेलं ओळखण्याइतकी अक्कल मला नक्कीच होती.

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. त्यांचे वडील बडनेऱ्याहून रेल्वेच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. काका तहसील कचेरीत बाबू होते, अठ्ठ्याऐंशीत निवृत्त झाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणाचं पानसुद्धा खाल्लं नाही, हे ते स्वतःच सांगायचे, आणि ते खरंही होतं. पाऱ्यातल्या निम्म्या लोकांचे रेशनकार्डाचे आणि पेन्शनचे अर्ज त्यांनी भरले. सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे आणि पेपराशीच भांडायचे. आत इंदूकाकू भाजी निवडता निवडता हं हं करायच्या. बायकोला त्यांनी कधी आवाज चढवून हाक मारल्याचं मला आठवत नाही. थोडक्यात, चांगला माणूस. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी गोष्ट चांगल्या माणसांचीच आहे. त्यात एक जरी धडधडीत दुष्ट माणूस असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

२००४ सालचा चैत्र. छत्तीसगड राज्य होऊन चौथं वर्ष लागलेलं, रायपूर राजधानी झालेलं, आणि ज्याच्याकडे शहराच्या कडेच्या तेलीबांध्यापलीकडे हातभर जमीन होती तो अचानक शहाणा माणूस झालेला. आमच्या मंडळाने पंचाहत्तरी गाठलेल्या ज्येष्ठांची ओळख स्मरणिकेत छापायचं ठरवलं होतं आणि संपादक म्हणून माझ्या गळ्यात घोंगडं घातलं होतं. मी काकांकडे माहिती घ्यायला गेले होते. काकूंनी चहा टाकला होता. तेवढ्यात फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. वहाणा त्याने बाहेरच काढल्या होत्या, फाटकाच्याही बाहेर, रस्त्यावर.

"बाबू साहेब, मैं शंकर," तो म्हणाला. "बाबाराव दाऊ के घर के."

दाऊ म्हणजे इकडचे जमीनदार. बाबारावांचं घराणं मराठ्यांच्या राजवटीत इथे आलेलं, पिढ्यान्पिढ्या मालगुजार. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेलीबांध्याच्या पुढे वीसेक किलोमीटरवर आहे एवढं पुरे. बाबाराव कधीच वारले होते. त्यांचा मुलगा शेखर आमच्या मंडळाचा उपाध्यक्ष, तेलीबांध्याच्या तळ्यासमोर नव्या इमारतीत राहणारा, बोलायला अतिशय गोड.

शंकर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा असेल, दिसत होता साठीचा. काकांनी त्याला खुर्ची दिली, तो जमिनीवर बसला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: बाबारावांच्या वाडीच्या कडेला ज्या झोपडीत तो आणि त्याच्या आधी त्याचा बाप राहिला, ती खाली करायची नोटीस शेखरने पाठवली आहे. राजधानीचा नवा रस्ता तिथून जवळून जाणार आहे. मजुरांच्या संघटनेतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की बंधुआ, म्हणजे वेठबिगार, माणसाला मालकाने कामाच्या बदल्यात दिलेलं घर पुढे मालकाला काढून घेता येत नाही, तसा कायदा आहे. एसडीएमच्या, म्हणजे प्रांताच्या, कोर्टात अर्जही लावून दिला होता. पण कचेरीतून उत्तर आलं, की त्या गावात बंधुआ मजूर कधी नव्हताच. अठ्ठ्याहत्तर सालच्या सर्वेक्षणाच्या रजिस्टरात गावापुढे एकच शब्द आहे: निरंक. सरकारी हिंदीत याचा अर्थ शून्य.

"वो तो आपेच लिखे रहेव," शंकर म्हणाला. ते तर तुम्हीच लिहिलं होतं. आवाजात तक्रार नव्हती. पावसाचा दिवस सांगावा तसं त्याने सांगितलं.

काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सगळं सांगितलं. कायदा शहात्तरचा. त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला, त्याच दिवसापासून देशातला प्रत्येक बंधुआ माणूस मोकळा, त्याचं कर्ज रद्द, त्याच्या डोक्यावरचं छप्पर त्याचं. कागदावर सगळं एका दिवसात झालं. आता कोण कोण मोकळं झालं ते शोधायचं काम कचेऱ्यांवर आलं. काकांच्या वाट्याला चौदा गावं आली. छापील तक्ता होता: नाव, बापाचं नाव, मालक, घेतलेली उचल, मजुरी, काम स्वेच्छेने की कसं.

बाबारावांच्या गावात काका सायकलने गेले. खानावळ नाही, धर्मशाळा नाही. मराठी माणूस आलाय म्हटल्यावर बाबारावांनी जेवायला थांबवून घेतलं. पाहुणचारात त्या घराला तोड नव्हती. जेवणानंतर ओसरीवर बाबाराव पलंगावर बसले, काकांना खुर्ची मिळाली आणि घरचे अकरा गडी समोर जमिनीवर बसवले गेले. काकांनी एकेकाला विचारलं, "बंधुआ हो क्या?"

गावात त्या माणसांना कमिया म्हणत. बंधुआ हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. ऐकला असता तरी फरक पडला नसता, कारण बाबाराव दीड हातावर पान जमवत बसले होते. पहिल्याने दाऊंकडे पाहिलं आणि म्हणाला, "हमन घर के मनखे अन साहेब." आम्ही घरची माणसं. मग अकराही जणांनी तेच सांगितलं.

"अन् मले ते पटलं बरं का विजया," काका म्हणाले. "मी काही घाबरून नाही लिहिलं. मी खाल्ल्या मिठाले जागलो असंही नाही. मले खरंच वाटलं का हे घरचे लोक आहेत. दिवाळीले धोतर, बाईले लुगडं, दुखलं-खुपलं तर औषध. गुलाम म्हणजे माह्या डोक्यात पायात बेडी, पाठीवर चाबूक, अन् तोही अमेरिकेत! मी त्या गुलामगिरीच्या इतका विरोधात होतो, का इथली दिसलीच नाही."

परतताना नाला लागला. चिखल होता, म्हणून बाबारावांनी शंकरला सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायला पाठवलं. तेव्हा तो एकवीस-बावीसचा. नाल्याच्या मध्यावर, दाऊंच्या नजरेपासून लांब गेल्यावर त्याने विचारलं, "मोर नाव चढ़िस का बाबू?" माझं नाव चढलं का?

"मी त्याले काय म्हटलं असेल?" काकांनी मलाच विचारलं. मग स्वतःच सांगितलं. "मी हसलो. म्हटलं, तुहं नाव काहून चढंल? तू तं घरचा माणूस!"

सायकल उतरवून, गवताने तिचा चिखल पुसून शंकरने ती काकांच्या हाती दिली होती.

शंकरची हकीकत मी नंतर त्याच्याकडूनच ऐकली, तीही दोन वाक्यं ओढून काढावी तशी. बापाने लग्नासाठी दाऊंकडून धान उचललं होतं. बाप ते फेडता फेडता मेला, मग शंकर लागला. त्याची बायको गोठा झाडायची, शेण काढायची. ते कुठे मोजलंच जात नव्हतं. आमच्या छत्तीसगडात अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतीचं वर्ष पालटतं. गडी त्या दिवशी जुनं घर सोडून नव्या मालकाकडे लागू शकतो. बाकीच्या गावांत अशी अदलाबदल चालायची. बाबारावांच्या अकरांना अक्ती कधी आलीच नाही. ब्याऐंशीत शंकर पळून रायपूरच्या भनपुरीला गेला, ट्रकवर पोती चढवायचं काम धरलं. अकराव्या दिवशी दाऊंची माणसं आली. मारलं नाही. समजूत घातली. पोलिसात चोरीची तक्रार देऊ असं सांगितलं आणि बैलगाडीतून परत आणलं. बायको-पोरं त्याच झोपडीत होती, तो जाणार कुठे?

नव्व्याण्णवात दाऊंच्या घरात ट्रॅक्टर आला आणि शेखरने त्याला सांगितलं, आता तू मोकळा आहेस. कायद्याने मोकळा होऊन त्याला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

काकांचं मन कसं पालटलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण वर्गात मी पोरांना सांगायचे की समाजसुधारक येतात, भाषणं करतात आणि रूढी जातात. असं काही नसतं. ऐंशीनंतर मजुरांच्या संघटनेची पोरं आमच्या जिल्ह्यातल्या गावांतून फिरू लागली. मोठ्या कोर्टाने सांगितलं होतं, की बळजबरी फक्त काठीची नसते. उपासमारीच्या भीतीने माणूस मिळेल त्या मजुरीवर राबला तर तीही बळजबरीच. ही पोरं मालकाच्या ओसरीवर बसत नव्हती. ती तळ्यावर, धान मळायच्या बियाऱ्यात जाऊन माणसाला एकटं गाठायची आणि विचारायची: येत्या अक्तीला दुसऱ्याकडे कामाला गेलास तर काय होईल? एवढंच. मग माणूस घडाघडा बोलायचा. अशा जबाबांच्या याद्या टाइप करायला काकांकडे आल्या. शेकड्यांनी नावं. उचल केवढी, वर्षाला धोतर किती, बायको काय करते. टाइप करता करता त्यांच्या लक्षात आलं, की मजुरी तीच, धोतर तेच, औषधही तेच. त्यांनी अकरा वेळा ऐकलेलीच ही उत्तरं होती. बदलला होता तो फक्त प्रश्न आणि विचारायची जागा.

बाबारावांच्या गावात मात्र ती पोरं गेली नाहीत. रजिस्टरात निरंक असलेल्या गावात वेळ कोण घालवणार?

"मंग तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"बढतीची फाइल वर होती," काका म्हणाले. मग स्वतःच ते खोडून म्हणाले, "अन् ते काही खरं कारण नाही. लाज वाटली. चूक केल्याची नाही लाज वाटली, चूक केली असं दिसंल याची वाटली."

घरात मात्र त्यांनी पालट करून टाकला. भांडी घासायला येणाऱ्या शांताबाईंचा कप खिडकीत पालथा असायचा, दांडा तुटलेला. काकांनी एक दिवस तो फेकला आणि घरच्या कपात चहा ओतून दिला. काकू सहा महिने धुसफुसल्या, कप दोनदा राखेने घासायच्या. मग सवय झाली. आणि २००४ साली, याच गप्पांत, काकू अगदी मनापासून मला म्हणाल्या, "आमच्याकडं तं असलं कप-बिप कधी नव्हतंच बाई. ते दुसऱ्यांकडं!" मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आपण पूर्वी काय मानत होतो हे माणूस विसरतो आणि मग पूर्वीचे लोक कसे होते हो, म्हणून हळहळतो. मीही त्यातलीच निघाले, ते पुढे येईल.

काका शंकरला म्हणाले, मी येऊन साक्ष देतो. मी चुकीचं लिहिलं होतं, कसं चुकलं तेही सांगतो. शंकरच्या अर्जाला तेवढाच एक पाय होता. अकरांपैकी सात वारले होते, दोन रोजगाराला बाहेर गेलेले, एक शेखरकडेच राखणीला. कायदा म्हणतो, शाबित करायचं ओझं मालकावर. कचेरी म्हणते, आधी तू बंधुआ होतास एवढं तरी दाखव. ते दाखवणारं जगात कुणी असेल तर निरंक लिहिणारा माणूस.

पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, काका धुतलेला शर्ट घालून गेले. एसडीएम साहेब मंत्र्याच्या दौऱ्यावर. राजधानीत मंत्री फार. दुसऱ्या पेशीला साहेबांची बदली झालेली. तिसरी तारीख श्रावणातली मिळाली.

मधल्या काळात त्यांनी स्मरणिकेसाठी स्वतःची ओळख स्वतःच लिहून दिली. चार पानं, कचेरीच्या वळणदार अक्षरात. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं अर्ध्या पानात उरकलेलं. उरलेली साडेतीन पानं अठ्ठ्याहत्तर सालची. गाव, ओसरी, अकरा नावं, नाला, शंकरने विचारलेला प्रश्न आणि त्यांनी दिलेलं उत्तर. शेवटी सही आणि तारीख.

मी ती वाचली. म्हटलं, "काका, हे कचेरीत सांगा ना. स्मरणिकेत कशाला? लोक कौतुकाने वाचतात."

"म्हणूनच," ते म्हणाले. "कचेरीत कोणी वाचत नाही. हे आपल्या लोकायनं वाचलं पाहिजे."

श्रावणातल्या तारखेच्या आठ दिवस आधी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पेशी पुन्हा पुढे ढकलली गेली, या वेळी आमच्या बाजूने अर्ज करून.

आता माझं ऐका. छापखान्यात मजकूर द्यायची तारीख आली. ती चार पानं माझ्या टेबलावर होती. शेखरचा फोन आला. कुठून कळलं त्याला देव जाणे. मंडळात काहीच लपत नाही. अजिबात चिडला नाही.

"विजयाताई, मैं तो खुद गुलामीच्या खिलाफ आहे," तो म्हणाला. "पण बाबांच्या घरात कोणी गुलाम नव्हता हो. शंकर तर आमच्या घरचा. मी त्याच्या खांद्यावर खेळलो. आता काकांची तब्येत अशी... त्या वयात माणूस काहीबाही मनाला लावून घेतो. तुम्हीच बघा, त्यांची शोभा होईल का यातून?"

इंदूकाकू तर रडल्याच. "अवं, पंचाहत्तर वर्षं माणूस नाकासमोर चालला अन् छापून काय येनार, का यानं खोटं लिवलं? लोकं तेवढंच लक्षात ठेवतीन. तू बाईमाणूस आहेस, तुले समजत नाही का?"

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही वाटत होतं, की तेव्हाचा काळच तसा होता, सगळेच तसं समजत होते, मग एकट्या काकांनी का नाक कापून घ्यावं? काळच तसा होता! मी हे वाक्य वर्गात खोडून काढायचे. पोरांना सांगायचे, त्याच काळात उलट सांगणारेही होते, आणि ज्याच्या मानेवर जू होतं त्याला तर कधीच सगळं ठीक वाटत नव्हतं. नाल्याच्या मध्यावर शंकरने नाव विचारलं होतं. तोही त्याच काळातला होता की! पण त्या दिवशी मला काकांची शोभा दिसत होती, शंकर दिसत नव्हता.

मी लाल पेनने साडेतीन पानं खोडली. वर लिहिलं: "बंधुआ मजुरांच्या ऐतिहासिक सर्वेक्षणात श्रीपादरावांनी मोलाची कामगिरी बजावली. त्यांनी तपासलेल्या गावांतला एकही बंधुआ मजूर त्यांच्या नजरेतून सुटला नाही." शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं. ठसका होता त्याला.

मग मनाची खात्री करून घ्यायला मी ते काकांना वाचून दाखवलं. पलंगावर पडलेले, तोंड डाव्या बाजूला ओढलेलं, डोळे माझ्यावर. काकू उशाशी उभ्या. वाचून झाल्यावर विचारलं, "ठीक आहे ना काका?" त्यांनी डावा हात दोनदा उचलला आणि गादीवर आपटला. घशातून आवाज काढला. डोळ्यांतून पाणी आलं.

"पाहा, खुश झाले," काकू म्हणाल्या. आणि मी कागदाची घडी घातली. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला, घरच्यांच्या देखत, मी विचारलं आणि होकार लिहून घेतला. काकांनी अठ्ठ्याहत्तरमध्ये जे केलं ते नकळत केलं होतं. मी केलं तेव्हा मला त्यांची सगळी गोष्ट पाठ होती.

भाद्रपदात ते गेले.

स्मरणिकेचं प्रकाशन दसऱ्यानंतर झालं. शेखरने सभागृहाच्या दाराशी छोटं प्रदर्शन मांडलं होतं, घरातल्या जुन्या वस्तूंचं. त्यात काचेच्या चौकटीत एक मोडीतला कागद, खाली देवनागरीत वाचन: भोसल्यांच्या अमलात त्याच्या कुण्या पूर्वजाने एक बटीक विकत घेतल्याची नोंद. बटीक म्हणजे गुलाम बाई. वय वर्षे बारा, रंग सावळा, अमुक रुपये. बायका वाचून अरेरे करत होत्या. शेखर माइकवर म्हणाला, "आपल्या पूर्वजांच्या चुका मान्य करायची हिंमत आपल्यात असली पाहिजे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या मुलीला जाऊन दीड-दोनशे वर्षं झालेली. तिला झोपडी नको होती, साक्ष नको होती. तिच्यासाठी हळहळायला काही लागत नव्हतं. इंग्रजांनी कायद्याने माणसाची खरेदी-विक्री बंद केली तेव्हा याच घराण्यांनी माणसं विकत घेणं सोडून उचल द्यायला सुरुवात केली, हे चौकटीखाली लिहिलेलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. मीही बोलले नाही.

कार्तिकात पेशी लागली. काका नव्हते, म्हणून संघटनेच्या वकिलाने मला बोलावलं: त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ते तुम्ही सांगा. मी गेले. तेव्हाही मला आपलं वाक्य आठवलं नव्हतं. शेखरच्या वकिलाने पिशवीतून स्मरणिका काढली, पान एकेचाळीस उघडलं आणि साहेबांसमोर ठेवलं. मग हिंदीत भाषांतर करत सावकाश वाचून दाखवलं. एकही बंधुआ मजूर त्यांच्या नजरेतून सुटला नाही. "साहब, जिनकी नज़र इतनी तेज़ थी, उन्होंने इस गाँव में निरंक लिखा है. और ये लेख इन्हीं मैडम का है."

मी उभी राहिले. सांगितलं, की हे मी बदललेलं आहे, मूळ चार पानं वेगळी होती, त्यात अकरा नावं होती, सही होती.

"मूल कॉपी?" साहेबांनी विचारलं.

मूळ पानं मी लाल खुणांसकट छापखान्यात दिली होती. आदल्या आठवड्यात जाऊन आले होते तिथे. छपाई झाल्यावर सगळा कागद रद्दीत गेला होता.

वकील अदबीने म्हणाला, "मैडम, तब आपने झूठ लिखा था कि अब झूठ बोल रही हैं? कोई एक बता दीजिए." साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. माझी साक्ष लिहून घेतली गेली, ऐकीव म्हणून. शंकरलाही विचारलं, मालकाच्या घरी तुझ्याशी कसं वागत होते? शेखर समोर बसला होता. शंकरने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बने रखत रहिन साहेब." नीट ठेवत होते.

पंधरा दिवसांनी अर्ज नामंजूर झाला. अपिलाचं बोलणं निघालं, पण त्याआधीच पोकलेन आलं. ते मी पाहायला गेले नाही. शंकरच्या बायकोने कौलं आधीच उतरवून ठेवली होती, ती तेवढी वाचली, असं ऐकलं. आता ते दोघं भनपुरीला एका गोदामाच्या मागे राहतात.

निकालाच्या दिवशी कचेरीच्या आवारात मी शंकरला गाठलं होतं. हात जोडले. म्हटलं, शंकर, हे माझ्यामुळे झालं, मी लिहिलं तसं लिहायला नको होतं. तो गोंधळला. माझ्यासारख्या बाईने त्याच्यापुढे हात जोडावेत हे त्याला कसंतरीच झालं. माझी समजूत घालायला तो म्हणाला,

"नहीं दीदी, बने लिखे हव. वकील साहेब पढ़िस त मोला घलो सच लागिस."

चांगलं लिहिलंय तुम्ही. वकिलाने वाचलं तेव्हा मलासुद्धा ते खरं वाटलं.